१ वर्षाचा एनसीडी ९४ ला मिळतोय : स्वस्त आहे की माझंच गणित गंडलंय?

रंकाळ्याकाठी
नमस्कार मंडळी, या विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. एका एनबीएफसीचे, म्हणजे कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपनीचे, दोन सिक्युअर्ड एनसीडी, म्हणजे तारण असलेले कर्जरोखे, बघतोय, नाव लिहीत नाही कारण नाव आलं की लोक गणित सोडून नावावरच भांडत बसतात. दोन्हीचं कूपन १० टक्के, व्याज वर्षातून एकदा, आणि दोन्हीचं व्याज गेल्याच आठवड्यात वाटून झालंय त्यामुळं भावात साचलेलं व्याज वगैरे भानगड नाही. दर्शनी किंमत १०० धरून सांगतो. पहिला बरोबर १ वर्षानं संपतो, भाव ९४. दुसरा ३ वर्षांनी संपतो, भाव ९१.

मी काय केलं, ३ वर्षंवाल्याचा यील्ड एक्सेलमध्ये काढला, तो आला १३.९ टक्के. म्हटलं कंपनी एकच, धोका एकच, मग १ वर्षवाल्यालाही हाच दर लावायचा. वर्षानं हातात ११० येणार, त्याला १.१३९ नं भागलं, आले ९६.५८. बाजारात मिळतोय ९४ ला. म्हणजे प्रत्येक शंभरामागं अडीच रुपये फुकट. पाच लाख घालायचा विचार आहे. शाहूपुरीतला एक मित्र म्हणाला की फुकट काय नसतंय बाबा, विचार कुणाला तरी. म्हणून विचारतोय.

तांबडा_पांढरा
एका वर्षात १७ टक्के? नाद खुळा! घे की भावा, विचारतोस काय. बँक ७ देते आणि वर टीडीएस कापते.

कळंबा_रोडची_ताई
माझा प्रश्न जरा वेगळा आहे, इथेच विचारते. आमच्या ओळखीतल्या एका पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यानं ठेव होती, सासऱ्यांच्या पेन्शनीची. दोन वर्षं झाली, अजून निम्मेच पैसे मिळालेत, ते पण तुकड्यातुकड्यांनी. यावर ते पाच लाखांचं विमा संरक्षण मिळतं का? आणि हे एनसीडी म्हणजे तसंच काही असतं का?

जुना_ट्रेझरीवाला
ताई, ते पाच लाखांचं संरक्षण बँकांच्या ठेवींना असतं, सहकारी बँका धरून, पण पतसंस्थांना नाही. एनसीडीला तर अजिबातच नाही. तुमचा अनुभव मात्र या धाग्यात पुढं उपयोगी पडणार आहे, "निम्मेच मिळाले, तेही दोन वर्षांनी" हे लक्षात असू द्या.

रंकाळ्याकाठी, तुमचा मित्र बरोबर बोलला. तुमची भागाकाराची चूक नाही, एकच दर दोन्हीकडं लावला तिथं घोळ आहे. १३.९ मध्ये ७ टक्के सरकारी रोख्याचे आणि ६.९ टक्के स्प्रेड. हा स्प्रेड तीन वर्षांच्या भीतीची सरासरी आहे. त्या तीन वर्षांत भीती कधी किती, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. तुम्ही सरासरी उचलून पहिल्या वर्षाला चिकटवली.

उलटं करून बघा. दराचं क्षणभर विसरा. वर्षानंतर दोनच गोष्टी होऊ शकतात, कंपनी तगली तर ११० मिळतील, नाही तगली तर वसुलीत जे मिळेल ते. सिक्युअर्ड आहे म्हणून सध्या वसुली ४० धरू, त्यावर नंतर भांडू. हे दोन्ही पैसे सरकारी दरानंच आजच्या किमतीत आणायचे, कारण धोका आपण आता शक्यतेत मोजलाय, तो दरात परत घालायचा नाही. मग बाजाराच्या ९४ मध्ये बुडण्याची शक्यता, तिला q म्हणू, किती लपलीय ते निघतं:

```
94 * 1.07 = (1 - q) * 110 + q * 40
100.58    = 110 - 70 * q
q         = 9.42 / 70 = 0.1346
```

म्हणजे बाजार म्हणतोय, पहिल्या वर्षात बुडायची शक्यता साडेतेरा टक्के. साधारण सातात एक. तुम्हाला दिसलेले अडीच रुपये फुकटचे नाहीत, ती या भीतीची किंमत आहे.

सीए_होणारच
काका मस्त समजावलंत. मी तुमचंच पुढं नेतो. बुडायची शक्यता १३.४६ धरली तर अपेक्षित रक्कम १००.५८. आता कंपनी धोकादायक आहे म्हणून १३.९ नं डिस्काउंट करायचं, १००.५८ भागिले १.१३९, उत्तर ८८.३. म्हणजे ९४ ला महाग आहे! दादा घेऊ नका.

जुना_ट्रेझरीवाला
अरे बाळा, एकाच गुन्ह्याला दोनदा दंड लावलास. बुडायची शक्यता वापरून ११० चे १००.५८ केलेस तिथं धोका वजा झाला. मग परत १३.९ नं भागलंस तर तोच धोका दुसऱ्यांदा वजा होतो. एक तर ११० ला धोक्याच्या दरानं भाग, नाहीतर १००.५८ ला ७ नं. भेसळ करायची नाही. ही चूक कशी ओळखायची सांगतो. ज्या भावावरून q काढलास, त्याच q नं तोच भाव परत यायला पाहिजे. ९४ वरून निघालास आणि ८८.३ वर पोचलास, तर मधे कुठंतरी दोनदा कापलंयस.

आमच्या वेळी ट्रेझरीत नवीन पोरं हेच करायची. त्यात एकदा एक साहेब पण सापडले, पण ते जाऊ दे.

सीए_होणारच
बरं पटलं. पण एक शॉर्टकट शिकलोय, स्प्रेडला (१ वजा वसुली) नं भागायचं. १ वर्षवाल्याचा यील्ड १७.०२, स्प्रेड १०.०२, भागिले ०.६, म्हणजे १६.७ टक्के. तुमचं १३.४६ का आलं?

जुना_ट्रेझरीवाला
हा प्रश्न मात्र चांगला काढलास. तो शॉर्टकट शंभराच्या आसपास चालणाऱ्या आणि कमी स्प्रेडच्या रोख्याला ठीक आहे. तिथं बुडाल्यावर शंभरातले ६० जातात म्हणून ०.६. इथं तू पैसे घातलेस ९४, आणि बुडाल्यावर ११० च्या जागी ४० मिळतात, म्हणजे जातात ७०. व्याजही बुडतं हे लोक विसरतात. ७० भागिले ९४ म्हणजे ०.७४५. आता १०.०२ ला ०.७४५ नं भाग बघू.

सीए_होणारच
१३.४५ 🙏 आलं.

उद्यमनगरी
मला ते क्यू-बियू काय कळत नाही पण ९४ आणि ९१ मधली गोष्ट मला दिसतीय, बोलू का? आमची फौंड्री आहे, उधारीवरच सगळा धंदा. एक पार्टी होती, तिचं बँकेचं मोठं लोन मार्चमध्ये फिटायचं होतं. आख्ख्या उद्यमनगरला माहीत, मार्च काढला तर ही पार्टी पुढं पाच वर्षं हलत नाही, आणि मार्चमध्ये अडकली तर गेली. त्या वर्षी आम्ही तिला तीन महिन्यांच्या उधारीवर माल देताना जास्त रेट लावला होता आणि पुढच्या वर्षी जून नंतर लांबच्या उधारीवरही कमी केला. बाहेरच्याला वाटायचं उलटं कसं, लांबच्या उधारीला जास्त रेट पाहिजे. पण भीती मार्चची होती, लांबीची नव्हती. या कंपनीचं पण पहिल्याच वर्षात काहीतरी मोठं देणं असणार बघा.

जुना_ट्रेझरीवाला
उद्यमनगरी, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. हेच आकड्यात दिसतंय. १ वर्षवाल्यावरून पहिल्या वर्षाचं १३.४६ मिळालं. आता ते पक्कं धरून ३ वर्षंवाल्याकडं जायचं, आणि विचारायचं की ९१ भाव यायला दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी किती शक्यता लागेल. मधे दुसरा रोखा नाही म्हणून दोन्ही वर्षांना एकच आकडा धरतो. गोल सीक करून बघा, उत्तर येतं ७.३ टक्के. पहिल्या वर्षाच्या जवळपास निम्मं.

म्हणजे तगण्याची शक्यता पहिल्या वर्षाअखेर ८६.५, दुसऱ्याच्या अखेर ८०.२, तिसऱ्याच्या अखेर ७४.३ टक्के. आता ९१ रुपये कशाकशाचे बनलेत बघा. तीन व्याजं, प्रत्येक आपापल्या वर्षाच्या तगण्यानं गुणून आणि ७ टक्क्यानं आज आणून, २१.१६ रुपये. शेवटचे १००, तेही ७४.३ टक्क्यांनीच मिळणार, आजचे ६०.६८. आणि मधे कुठल्याही वर्षी बुडाली तर मिळणारे ४०, ते त्या त्या वर्षी बुडायच्या शक्यतेनं गुणून, ९.१६. बेरीज बरोबर ९१.

एकच दर लावून पण ९१ च येतो, त्यात वाद नाही. पण त्या दरात हे तीन कप्पे दिसत नाहीत. तुमच्या ९१ मधले ९ रुपये बुडालेल्या कंपनीच्या वसुलीतून येणार आहेत, हे एक्सेलच्या यील्डनं कधीच सांगितलं नसतं.

रंकाळ्याकाठी
डोकं गरगरलं पण कळलं. काल रात्री हे वाचून सगळं शीटमध्ये परत घातलं, पहिल्यांदा ९१ च्या जागी १२२ आले, बघतो तर वसुलीला प्रत्येक वर्षी सरळ १३.४६ नं गुणलेलं आणि तगण्याचा आकडा कुठंच वापरला नव्हता. दुसऱ्या वर्षी बुडायला आधी पहिलं वर्ष तगायला लागतं, हे आपल्याला बोलताना कळतं, सेलमध्ये टाकताना कळत नाही.

आता प्रश्न, उद्यमनगरी म्हणतात तसं पहिल्या वर्षाचं मोठं देणं कुठं बघायचं?

जुना_ट्रेझरीवाला
एनबीएफसीच्या वार्षिक अहवालात मालमत्ता आणि देण्यांची मुदतवार विभागणी असते, टिपणांमध्ये जरा मागं. एका वर्षाच्या आत फेडायचं किती आणि एका वर्षाच्या आत कर्जदारांकडून येणार किती, हे शेजारी शेजारी ठेवा. येणं कमी आणि देणं जास्त असेल तर मधला खड्डा नवीन उसनवारीनं भरायचा असतो, आणि बाजारानं पाठ फिरवली की तिथंच कंपनी पडते, कर्जं चांगली असली तरी.

तांबडा_पांढरा
काका एवढं शिकून फायदा काय, शेवटी कंपनी तगली तर १७ टक्के आणि नाही तर ठणठण गोपाळ. हो की नाही दोनच. शक्यता बिक्यता मला एका रोख्यात कुठं दिसणार?

उद्यमनगरी
तुला नाही दिसणार, पण १३ टक्क्याला पाच लाख लावायचे की पन्नास हजार हे त्यावरूनच ठरतंय की. आम्ही सातातली एक पार्टी बुडणार हे धरूनच रेट काढतो. सगळा माल एकाच पार्टीला दिला असता तर आज मी इथं टाइप करत बसलो नसतो, रिक्षा चालवत असतो.

कळंबा_रोडची_ताई
काका तुम्ही म्हणाला होतात माझा अनुभव उपयोगी पडेल म्हणून परत आले. तुम्ही ४० वसुली त्याच वर्षी मिळते असं धरलंय. आमचे निम्मे मिळायला दोन वर्षं गेली. आणि त्यासाठी किती हेलपाटे, किती अर्ज, एकदा तर भर पावसात रिक्षानं गेलो आणि ऑफिस बंद. ते कुठं धरलंय?

जुना_ट्रेझरीवाला
धरलेलं नाही ताई, आणि हा गणितातला खरा कच्चा दुवा आहे. डीएचएफएलचं उदाहरण घ्या. हप्ते चुकायला सुरुवात जून २०१९, दिवाळखोरी कायद्याखाली प्रकरण गेलं त्या वर्षाच्या शेवटी, आणि पिरामलनं ताबा घेऊन देणेकऱ्यांना पैसे वाटले सप्टेंबर २०२१ ला. सव्वादोन वर्षं. तेवढ्या उशिरानं मिळालेले ४० म्हणजे ७ टक्क्यानं मागं आणले तर साधारण ३४. हेलपाट्यांचे वेगळेच.

आणि वसुली कंपनीची नसते, त्या त्या कागदाची असते. येस बँकेत मार्च २०२० मध्ये ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली की ठेवींच्या आधी बुडणारा कागद, शून्यावर आणले, पुढं ते कोर्टात गेलं. पण बँक चालूच राहिली, ठेवीदारांच्या ठेवीला धक्का लागला नाही. एकच बँक, आणि एका कागदाची वसुली शून्य. "कंपनी एकच म्हणून दर एकच" हे रंकाळ्याकाठींचं पहिलं वाक्य इथं दुसऱ्यांदा तुटतं.

रंकाळ्याकाठी
माहितीपत्रक काढून वाचलं. सिक्युअर्ड आहे पण तारण बँकांबरोबर समसमान वाटून घेतलेलं आहे, फक्त आपल्यासाठी राखीव काही नाही. ताईंचं उशिराचं पण डोक्यात बसलं. म्हणून वसुली ४० च्या जागी २५ धरली. बुडायची शक्यता तीच १३.४६. मग किंमत येते ९२.१. म्हणजे ९४ ला महाग. बरोबर ना?

सीए_होणारच
दादा इथं तुम्ही चुकताय असं मला वाटतंय. १३.४६ हा आकडा आपण ४० वसुली धरूनच काढला होता. वसुली २५ केली तर त्याच ९४ मधून शक्यता पण परत काढायला पाहिजे, ९.४२ भागिले ८५, म्हणजे ११.१ टक्के. भाव ९४ च राहतो. एका भावातून दोन गोष्टी एकदम निघत नाहीत. जास्त शक्यता आणि चांगली वसुली, किंवा कमी शक्यता आणि वाईट वसुली, दोन्हीला ९४ च येतो.

जुना_ट्रेझरीवाला
शाब्बास. हे मी लिहिणार होतो, तू लिहिलंस ते बरं झालं.

पण रंकाळ्याकाठींचं पण पूर्ण चूक नाही. बाजार ४० धरून चाललाय आणि तुम्हाला माहितीपत्रक वाचून २५ दिसतंय, असं तुमचं ठाम मत असेल तर ९२ हा तुमचा भाव. बाजारानं ते पत्रक आधीच वाचलं असेल तर ९४ योग्य. बाजारानं वाचलंय का हे भावावरून कळत नाही. त्यासाठी त्याच कंपनीचा अनसिक्युअर्ड कागद बाजारात असेल तर दोन्हींच्या भावातला फरक बघायचा. कंपनी बुडायची शक्यता दोघांना तीच, म्हणजे फरक आला तो बराचसा वसुलीचा.

उद्यमनगरी
एक शंका. ही १३ टक्के, ११ टक्के, ही खरी शक्यता आहे का? कारण या रेटिंगच्या सातातली एक कंपनी दर वर्षी बुडत असती तर पेपरात दुसरं काही छापून आलंच नसतं.

जुना_ट्रेझरीवाला
नाही, ही खरी शक्यता नाही. हा बाजारभावातला आकडा आहे. त्यात खरी बुडण्याची शक्यता आहे, अधिक धोका घ्यायला लोक मागतात ते जादा पैसे आहेत, आणि हे एनसीडी दिवसाला दहा-वीस नग विकले जातात, नड असेल तेव्हा विकता येत नाहीत, त्याचाही काही भाग आहे. बॅलन्सशीट बघून तुम्ही म्हणालात की खरी शक्यता ५ टक्के, तर ९४ तुम्हाला स्वस्त वाटेल, आणि कदाचित असेलही. पण दुसरा कागद याच कंपनीचा किंवा तिच्यासारख्याचा मोजायचा असेल तर बाजाराचा १३ च वापरायचा, ५ नाही, नाहीतर सगळं जग स्वस्त दिसायला लागेल.

उद्यमनगरी
पण मग यातली भीती किती आणि खरं किती, हे वेगळं कसं करायचं?

जुना_ट्रेझरीवाला
तीस वर्षं नोकरी केली, ते मला नीट जमलं असतं तर रिटायर होऊन कळंब्याच्या तळ्याला चकरा मारत बसलो नसतो. काही लोक स्प्रेडचा ठराविक भाग तरलतेचा म्हणून बाजूला काढतात. किती काढायचा यावर प्रत्येकाचं वेगळं मत, आणि माझं दर वर्षी बदलायचं.

सीए_होणारच
मला वाटतं कमी विकल्या जाणाऱ्या कागदात निम्मा तरी तरलतेचाच असणार.

जुना_ट्रेझरीवाला
"निम्मा" कुठून आणलास?

सीए_होणारच
अंदाज 😅

तांबडा_पांढरा
दादा मग घेतलेस का नाही ते सांग. मी सकाळपासून चारदा पेज रिफ्रेश केलंय.

रंकाळ्याकाठी
अहवालाची मागची पानं काढली. वर्षाच्या आत देणं हे येण्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त आहे, आणि त्यातला मोठा भाग एकाच तिमाहीत. म्हणजे उद्यमनगरींचा मार्च इथंही आहे. अनसिक्युअर्ड कागद शोधला, आहे, पण गेले नऊ दिवस त्यात एकही सौदा झालेला नाही, त्यामुळं तो भाव किती खरा माहीत नाही.

पाच लाखांचं पन्नास हजारांवर आणलं आणि ९२ ला ऑर्डर लावून ठेवलीय. तीन दिवस झाले. ९४ ला विकणारे आहेत, ९३.४० ला एकजण येऊन गेला, ९२ ला कुणी नाही.

तांबडा_पांढरा
मग ९३.४० चा घ्यायचा होतास की!

रंकाळ्याकाठी
त्याला वसुली ३५ धरावी लागते रे.